पोर बाजारात लोळण घेते तेव्हा
(नंदुरबार येथे बालवाडीच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी बालरोगतज्ज्ञ नाही. शिक्षणाने इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरचे काम करतो आणि साडेतीन वर्षांच्या मुलीचा बाप आहे. आज एकाच गोष्टीवर बोलतो: पोर रागाने जमिनीवर लोळते, भोकाड पसरते, त्या पाच मिनिटांत आपण काय करायचे.

पाच मिनिटे हा शब्द उगाच वापरला नाही. पोटेगल आणि डेव्हिडसन या अमेरिकन संशोधकांनी 2003 मध्ये दीड ते पाच वर्षांच्या 335 मुलांच्या पालकांकडून अशा प्रसंगांची वर्णने घेतली. सुमारे तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपले होते. आपल्याला मात्र ते अर्ध्या तासाचे वाटतात, कारण आजूबाजूचे लोक बघत असतात.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. राग सुरुवातीलाच शिगेला पोचतो आणि मग उतरतो. रडणे, म्हणजे दुःख, मात्र शेवटपर्यंत टिकते. किंचाळणे, लाथा मारणे हा राग. हुंदके, कुणाकडे तरी जावेसे वाटणे हे दुःख. राग चढलेला असताना मुलाला समजावणे, प्रश्न विचारणे, ‘गप्प बस’ म्हणणे, हे सगळे आगीत तेल. हुंदके सुरू झाले की मात्र मूल जवळ येते. आपण नेमके उलटे करतो. आधी खूप बोलतो आणि ते शांत होऊ लागले की रुसून बसतो.

मंगळ बाजारातला प्रसंग सांगतो. लेकीला प्लॅस्टिकची शिट्टी हवी होती, आम्ही नाही म्हटले. ती रस्त्यातच आडवी झाली. मी तिला उचलून एका बंद दुकानाच्या ओट्यावर नेले, कारण तिथून मोटारसायकली जात होत्या. हाताच्या अंतरावर, तिच्याच उंचीला खाली बसलो. एकदाच, हळू आवाजात म्हणालो, “शिट्टी हवी होती. मिळाली नाही. राग आला.” मग गप्प. ती माझ्या हातावर मारायला लागली, तेव्हा हात धरून एवढेच म्हटले, “मारू देणार नाही.” थोड्या वेळाने किंचाळणे तुटक झाले, आवाज खाली आला, तिने माझ्याकडे पाहिले. तेव्हा हात पुढे केले. मांडीवर घेतले, पाणी दिले. शिट्टी दिली नाही, मोबाइलही नाही. शिट्टी दिली असती, तर पुढच्या मंगळवारी ती आडवी पडण्यापासूनच सुरुवात करती.

घरीही हाच क्रम ठेवा, आणि दादी-नानींना आधीच सांगून ठेवा. अब्बू नाही म्हणाले आणि दादीने पदराआडून चॉकलेट दिले, की सगळे फिसकटते.

आता लाजेबद्दल. बाजारात कुणीतरी म्हणतेच, “आईने डोक्यावर चढवून ठेवलंय.” बापाला कुणी म्हणत नाही, हेही लक्षात घ्या. आणि बुरख्यातली आई असेल तर तिला वाटते, हे रडणे माझ्या एकटीच्या खात्यात नाही, सगळ्या समाजाच्या खात्यात लिहिले जातेय. माझ्या बायकोने मला हे सांगितले तोवर माझ्या ध्यानातही आले नव्हते. आयांनो, तीन वर्षांच्या मुलाला राग आवरता येत नाही, कारण मेंदूचा तो भाग अजून घडतोय. त्याला तुमचे संस्कार कमी पडलेले नाहीत. टोकणाऱ्याला एक वाक्य पुरे: “होईल शांत दोन मिनिटांत, काका.” त्याच्याकडे बघत बसू नका, पोराकडे बघा. आणि तुम्ही बघे असाल, तर तिच्या हातातली पिशवी धरा.

आमच्या धंद्यात बिघाड झाला की आधी वेळ बघतात. तसे आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता, आधी काय खाल्ले, किती झोपले. आमचे बरेच प्रसंग दुपारच्या जेवणाआधीचे निघाले. आता बाजाराला जेवूनच जातो.

शेवटी, प्रत्येक रडणे हट्टाचे नसते. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, आदिवासी वस्त्यांत जास्त, पण फक्त तिथेच नाही. लहान मूल हात-पाय सुजून, हात लावू न देता रडत असेल, ताप असेल, तर तो हट्ट नाही, वेदना आहे. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रडता रडता श्वास रोखून निळे पडत असेल तरी डॉक्टरांना दाखवा; अशा काही मुलांच्या रक्तात लोह कमी असते. नेहमीच पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त चालत असेल किंवा मूल स्वतःला इजा करत असेल, तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचे पथक येते, त्यांना सांगा. त्या दिवशी ती वही बरोबर न्या.