दस्ताचा खर्च आणि घराचे कर्ज

लिंबागणेशसारख्या गावात १० लाखांचे घर विकत घेण्यास जो गृहस्थ निघतो, त्याच्या मनात किंमत आणि हप्ता हे दोनच आकडे घोळत असतात. परंतु खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदले जाण्यापूर्वी मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सरकारजमा व्हावी लागते, आणि बँकेचा धनादेश बहुधा दस्ताच्या वेळी वा त्यानंतरच हाती येत असल्यामुळे, ही रोकड प्रथम घरातूनच उभी करावी लागते.

हिशेबापुरते आपण उपकरासह मुद्रांक शुल्क शेकडा ५ व नोंदणी फी शेकडा १ धरू. ग्रामपंचायत हद्दीतील शुल्काचा नेमका दर कचेरीतच पडताळावा. म्हणजे खर्च झाला ६० हजार. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली असा दंडक घातला की, कर्जाची मर्यादा ठरविताना हा खर्च घराच्या किमतीत मिळवू नये. पुढे २०१५ च्या मार्चमध्ये, ज्या घराची किंमत १० लाखांहून अधिक नाही त्याच्यापुरती ही अट सैल करून तो मिळविण्याची मुभा बँकांना दिली. ही मुभा आहे, सक्ती नव्हे, म्हणून अर्ज करतानाच बँकेचा शिरस्ता विचारून घ्यावा.

शेकडा ९० कर्ज मंजूर झाल्यास, एरवी ९ लाख मिळाले असते ते आता ९ लाख ५४ हजार मिळतात, आणि पदरचे १ लाख ६० हजार घालावे लागले असते तेथे १ लाख ६ हजारांत भागते. तेच घर १० लाख १० हजारांना ठरले, तर सवलत संपून पदरची रक्कम १ लाख ६१ हजार ६०० होते. किमतीतील १० हजारांच्या वाढीने रोख भार साडेपंचावन्न हजारांहून अधिक वाढावा, ही गोष्ट सौदा ठरविण्यापूर्वीच ध्यानी घेण्याजोगी आहे.

मात्र हा दिलासा फुकट नाही. शेकडा ९ व्याजाने २० वर्षांच्या मुदतीत वाढीव ५४ हजारांमुळे मासिक हप्ता ८,०९७ वरून ८,५८३ वर, म्हणजे सुमारे ४८६ रुपयांनी चढतो. डोळ्यांत न भरणारी ही रक्कम मुदतअखेर १ लाख १६ हजारांवर जाते, म्हणजे मूळ खर्चाहून अधिक तर व्याजच होते.

म्हणून ज्याच्यापाशी आज रोकड नाही त्याने हे वाढीव कर्ज अवश्य घ्यावे. परंतु बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तिगत ऋणकोस मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, हे स्मरून, कापूस वा सोयाबीनचे पैसे हाती येतील तेव्हा तेवढे ५४ हजार मुद्दलात भरावेत, आणि भरताना हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी कळवावे.