कपातीची बातमी सांगताना

कंपनीत माणसं कमी करायची ठरली की सूचनाफलकावर लावायचा कागद तयार होतो. बहुतेक वेळा त्यात असं काहीतरी असतं : "बदलत्या बाजारपेठेचा विचार करून संस्थात्मक पुनर्रचना हाती घेण्यात येत आहे." कागद वाचणारा शेजारच्याला विचारतो, "म्हणजे आपलं काय?" त्याचं उत्तर त्या कागदात नसतं. मग ते कँटीनमध्ये तयार होतं आणि संध्याकाळपर्यंत चाळीस माणसांचे शंभर होतात.

सांगायचं कसं, याचं एक उदाहरण घेऊ. २०२० साली कोरोनात जगाचा प्रवास थांबला आणि पर्यटकांना घरं भाड्यानं मिळवून देणारी एअरबीएनबी ही अमेरिकन कंपनी अडचणीत आली. ५ मे रोजी तिचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सर्व कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं. साडेसात हजारांपैकी सुमारे एकोणीसशे जणांना जावं लागेल, हा आकडा त्यात होता. यंदाचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या निम्म्याहून कमी राहील, हे कारण होतं. कोणती कामं थांबवणार आणि कोणती आखडती घेणार, हेही नावानिशी होतं. अमेरिकेतल्या जाणाऱ्यांना चौदा आठवड्यांचा मूळ पगार आणि नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवडा जादा मिळेल, तिथला कामाचा शेवटचा दिवस ११ मे, आणि आपलं नाव यादीत आहे का ते तिथल्या माणसाला काही तासांत कळेल, असंही त्यात होतं. पत्रातला भावनेचा भाग मला थोडा जास्तच वाटतो. पण पत्र वाचून झाल्यावर कुणाला तर्क करत बसावं लागलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. समजा, चाकणच्या बाजूला दुचाकींचे सायलेन्सर बनवणारा एक कारखाना आहे. कामगार २४०. मोठ्या ग्राहकानं एक पेट्रोल मॉडेल बंद केलं आणि तीन शिफ्टमध्ये चालणारं प्रेस शॉप एका शिफ्टवर आलं. तिथल्या ६२ जणांपैकी २४ जणांना वेल्डिंग आणि पॅकिंगमध्ये सामावता येतं, ३८ जणांना नाही.

पहिली गोष्ट कारणाची. "मंदी आहे" म्हणून भागत नाही, कारण वेल्डिंगच्या लाइनवर ओव्हरटाइम चालू असल्याचं सगळ्यांना दिसत असतं. मॉडेल कोणतं बंद झालं, महिन्याला किती नग जात होते आणि आता किती जातात, हे सांगावं लागतं. यात व्यवस्थापनाचा अंदाज चुकला असेल, मागणी टिकेल म्हणून गेल्याच वर्षी नवी प्रेस घेतली असेल, तर तेही आपणच बोलून टाकावं. ती प्रेस कापडाखाली झाकून ठेवलेली सगळे रोज बघतात.

दुसरी गोष्ट माणसांची. क्रम असा असावा : आदल्या संध्याकाळी युनियनचे पदाधिकारी आणि सुपरवायझर, सकाळी शिफ्टच्या सुरुवातीला सर्वांची सभा, आणि त्याच दुपारपर्यंत ३८ जणांशी एकेकट्यानं बोलणं. सभा आणि हे बोलणं यांत एक रात्र गेली तर २४० घरांमध्ये कुणाला झोप लागत नाही. यादी कशी केली तेही सांगायचं. त्या-त्या वर्गात शेवटी लागलेला आधी जाईल, हा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. त्याला बगल दिली तर कारण नोंदवावं लागतं. म्हणून सेवाज्येष्ठतेची यादी फलकावर आधीच लागलेली हवी. युनियनच्या माणसाचं नाव क्रम मोडून यादीत आलं की पुढचं सगळं भाषण वाया जातं.

एकेकट्याच्या बोलण्यात हवापाण्याच्या गप्पा नकोत. "काका, बसा. प्रेस शॉपमधल्या ज्या जागा कमी होताहेत, त्यांत तुमची आहे. शेवटचा दिवस ३० तारीख. हा तुमच्या हिशेबाचा कागद." एवढं झालं की थांबायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं.

इथेच आपल्याकडची एक वाईट रीत आडवी येते. हिशेबाच्या कागदाऐवजी समोर राजीनाम्याचा तयार मजकूर ठेवतात. "सही करा, पुढच्या नोकरीला बरं पडेल." स्वेच्छेनं राजीनामा दिला की ती कामगारकपात ठरत नाही, आणि कपातीची भरपाई मिळवणं अवघड होऊन बसतं. आयटी कंपन्यांतही हे चालतं, फक्त बंद खोलीत आणि इंग्रजीत. असा कागद समोर आला तर घरी नेऊन वाचायला मागावा. द्यायला नकार मिळाला तर काय ते ओळखावं.

तिसरी गोष्ट पैशांची. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन द्यावं लागतं. कारखान्यांना सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा जुन्या कायद्यात शंभर कामगारांची होती, आता ती तीनशे आहे. म्हणजे आपल्या २४० जणांच्या कारखान्याला परवानगी लागत नाही, सरकारला कळवावं मात्र लागतं. शिवाय मालकानं दर माणसामागे पंधरा दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं आणि ते पंचेचाळीस दिवसांत त्या कामगाराच्या खात्यात जायचं, अशी नवी तरतूद आहे.

ग्रॅच्युइटी वेगळी. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि अकरा वर्षं नोकरी, तर २६,००० ला २६ नं भागून पंधरानं आणि मग अकरानं गुणायचं : १,६५,००० रुपये. प्रत्येकाच्या कागदावर या ओळी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. "सगळं मिळून इतके" असा एकच आकडा दिला, की भरपाई दिली की ग्रॅच्युइटीच भरपाई म्हणून दाखवली, ते कळत नाही. थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, तीही तारीख कागदावर हवी. सुपरवायझर आणि व्यवस्थापक मात्र बहुधा या कपातीच्या नियमांबाहेर असतात. त्यांच्यासाठी नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते काढून बघावं लागतं, आणि हेही त्यांना स्पष्ट सांगायला हवं.

उरलेल्या २०२ जणांचा प्रश्न सभेत हमखास येतो : "साहेब, अजून कपात होणार का?" इथे "ही शेवटचीच" असं म्हणायचा मोह होतो. सहा महिन्यांनी दुसरी यादी लागली तर मग त्या साहेबाचं कुणी ऐकत नाही. खरं उत्तर साधारण असं असतं : "वेल्डिंगच्या ऑर्डरी मार्चपर्यंत हातात आहेत. पुढचं वेळापत्रक ग्राहक फेब्रुवारीत देतो. ते आलं की त्याच आठवड्यात याच ठिकाणी सांगेन." आणि फेब्रुवारीत बातमी चांगली असो की वाईट, सभा घ्यायची. वेळापत्रक आलं नसेल तर "आलेलं नाही" एवढंच सांगायला घ्यायची.

एक गोष्ट शेवटच्या दिवसाच्या गडबडीत हमखास राहते. वर्षभरात पुन्हा माणसं घ्यायची वेळ आली, तर कमी केलेल्या कामगारांना आधी विचारावं लागतं. म्हणून जाणाऱ्या ३८ जणांचे गावाकडचे पत्ते आणि चालू मोबाइल नंबर त्या दिवशी लिहून घ्यायचे, आणि ती वही कुणाकडे राहणार ते त्यांना सांगायचं.