रविवार सकाळी आठ, भारतीय वेळ

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मुलं परदेशी असलेल्या बहुतेक घरांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘तुला जमेल तेव्हा फोन कर.’ आईवडील ते मायेनं म्हणतात. परक्या मुलखात लेकरू राबतंय, त्यात आपला भार नको, असा त्यामागचा विचार असतो. पण त्याचा परिणाम उलटा होतो. मुलाला कधीच नीट जमत नाही. इकडे आई दिवसभर फोन जवळ ठेवून वावरते आणि आंघोळीला जातानाही बाबांना ‘लक्ष ठेवा’ म्हणून सांगते. आठवड्यातून एकदा बोलायचं असेल, तर वेळ ठरवावी लागते, आणि ती आधी आईवडिलांनी सांगावी लागते. हे मी का म्हणतो, ते एका घराचं गणित मांडून दाखवतो.

असं धरून चालू, की आईबाबा सांगलीत आहेत. मुलगा कॅलिफोर्नियात नोकरी करतो आणि त्याची लेक चार वर्षांची आहे. मुलगी मेलबर्नला रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या पाळ्या बदलतात. आज, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस, कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे आणि मेलबर्न साडेचार तास पुढे. म्हणजे भावाबहिणीच्या घड्याळांत सतरा तासांचं अंतर. तिघंही जागे असतील आणि चार वर्षांची नातही पेंगुळलेली नसेल, अशी वेळ दिवसात एकदाच येते: आपली सकाळ, साधारण सहा ते नऊ. त्यात रविवारी आठ वाजता धरले, तर कॅलिफोर्नियात शनिवारचे संध्याकाळचे साडेसात आणि मेलबर्नला रविवारचे दुपारचे साडेबारा. बाबा फिरून आलेले, आईचा चहा झालेला, तिकडे नातीचं जेवण उरकलेलं. याहून बरी वेळ सापडणार नाही.

इथं वाराची गफलत होते. ‘शनिवारी बोलू’ असं मुलगा म्हणाला, की आईबाबा आपल्या शनिवारी तयार होऊन बसतात. त्याच्याकडे तेव्हा अजून शुक्रवारची संध्याकाळ असते. म्हणून वार सांगताना गावही सांगायचं: सांगलीचा रविवार.

आता खरा अडथळा. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही. सांगलीत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक असतो दोन तासांच्या आसपास. मेलबर्नमध्ये तो पाच तासांहून अधिक भरतो. उन्हाळ्यातली लांबलचक संध्याकाळ कामी यावी म्हणून तिथं आणि अमेरिकेच्या बहुतेक भागात घड्याळ काही महिने तासभर पुढे नेतात. पण अमेरिकेचा उन्हाळा तो ऑस्ट्रेलियाचा हिवाळा. एकाचं घड्याळ पुढे जातं, त्याच सुमारास दुसऱ्याचं मागे येतं. त्यामुळे आज सतरा तास असलेलं भावाबहिणीतलं अंतर डिसेंबरात एकोणीस होतं.

हे चार रविवार लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ पुढे घेते, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मेलबर्न मागे येतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्न पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका मागे येते. यातली एक खुबी सांगतो, कारण तिथंच माणसं चुकतात. दोन्हीकडे बदल पहाटे दोन-तीनच्या सुमारास होतो. मेलबर्नची ती पहाट आपल्या फोनच्या आधी येते, म्हणून मुलीची वेळ त्याच दिवशी बदलते. कॅलिफोर्नियात रविवारची पहाट होते तेव्हा आपल्याकडे दुपार झालेली असते, फोन सकाळीच होऊन गेलेला असतो. म्हणून मुलाची वेळ बदलते ती पुढच्या रविवारपासून.

मग घड्याळ कुणाचं धरायचं? माझं उत्तर ठाम आहे: सांगलीचं. सांगलीचे आठ कायम ठेवले, तर नोव्हेंबरनंतर मुलाकडे साडेसाताऐवजी साडेसहा होतात आणि मुलीकडे साडेबाराऐवजी दीड. दोघांना तासाभराचा फरक पडतो, दोघांनाही तो पेलतो. उलट मुलाचे साडेसात धरले, तर हिवाळ्यात सांगलीत नऊ वाजतात, मेलबर्नला अडीच, आणि त्याचं घड्याळ हललं की बाकीची दोन्ही घरं हलतात. ज्या गावाचं घड्याळ स्थिर, त्या गावाला खुंटी ठोकायची.

हे फोनलाही सांगावं लागतं. मुलगा आपल्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची नोंद करतो, ती त्याच्या तिथल्या वेळेला बांधली जाते. मार्च-नोव्हेंबरात त्याच्याकडे साडेसातच राहतात आणि सांगलीची वेळ मात्र सरकते. नोंद करतानाच टाइम झोन बदलून भारताचा घ्यायचा. यादीत तो कोलकाता या नावानं सापडतो. मग मुलाच्या पडद्यावरची वेळ आपोआप सरकते आणि आईबाबांना काहीच करावं लागत नाही. नोंद बरोबर झाली का, हे पाहायला नोव्हेंबरातला दुसरा रविवार उघडावा. कॅलिफोर्नियात बसलेल्या मुलाला तिथं शनिवारचे साडेसहा दिसले, तर बरोबर. साडेसात दिसले, तर चुकलं.

आता मुलीच्या पाळ्या. रविवारी तिची सकाळी सात ते साडेतीन अशी पाळी लागली, तर साडेबाराला ती कामात असते. रात्रपाळी करून आली असेल, तर झोपलेली असते. अशा वेळी सगळ्यांचा फोन पुढे ढकलावासा वाटतो. ढकलू नका. मेलबर्नला चार वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला, ती मोकळी होते खरी. पण तेव्हा कॅलिफोर्नियात रात्रीचे अकरा झालेले असतात आणि नात केव्हाच झोपलेली असते. एकदा हलवलेला फोन पुढच्या आठवड्यात पुन्हा हलतो, आणि महिन्याभरात आपण ‘जमेल तेव्हा’वर परत येतो. त्यापेक्षा आठचा फोन तिच्यावाचून होऊ द्यावा. पाळीचं वेळापत्रक हातात आलं की तिनं नसण्याचे रविवार घरच्या गटावर कळवावेत, आणि त्या दिवशी पाळी सुटल्यावर किंवा झोप झाल्यावर आईबाबांशी वेगळं बोलावं. मला तर वाटतं, त्या वेगळ्या पंधरा मिनिटांत मुलगी आईशी जे बोलते, ते सगळ्यांसमोर बोलत नाही.

आणखी दोन गोष्टी ठरवून टाका. फोन नेहमी एकानंच लावायचा, इथं मुलानं. नाहीतर तिन्हीकडून एकमेकांना लावतात आणि सगळेच व्यस्त लागतात. दुसरी गोष्ट आईबाबांसाठी. सव्वाआठपर्यंत फोन आला नाही, तर उठून कामाला लागायचं. मुलानं तोवर ‘आज नाही, सगळं ठीक आहे’ एवढं लिहून पाठवायचं, हे त्याच्याकडून आधी कबूल करून घ्या. न आलेल्या फोनपेक्षा न आलेला निरोप रक्तदाब जास्त वाढवतो.

मुलं लंडनला किंवा न्यू जर्सीला असतील, तर आकडे वेगळे येतील. एकच मूल परदेशी असेल, तर संध्याकाळही चालेल. रीत मात्र हीच: सगळे जागे असण्याची वेळ शोधा, ती आपल्या घड्याळाला बांधा आणि मग हलवू नका.

या सभागृहात बसलेल्या आईवडिलांना माझी विनंती आहे. घरी गेल्यावर दोघांनी मिळून आपल्या सोयीचा एक तास निवडा आणि येत्या फोनवर तो मुलांना स्पष्ट सांगा. त्यांना तो जमत नसेल, तर ते दुसरा सुचवतील. पण पहिला आकडा तुमच्या तोंडून येऊ द्या.