विरोधकाची सही



मराठीच्या अध्यापकांच्या आणि वैचारिक लेखकांच्या परिषदेत अध्यक्षाने सगळ्या विषयांवरून हात फिरवावा अशी अपेक्षा असते. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. आपलं म्हणणं पटणारच नाही अशा वाचकासाठी लेख कसा लिहायचा? आपले बहुतेक वैचारिक लेख आधीच पटलेल्यांसाठी असतात. ते वाचून आपली माणसं माना डोलावतात आणि ज्याचं मन वळवायचं तो दुसऱ्या परिच्छेदातच पान उलटतो.

या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेत, तेही साहित्याच्या वर्गाबाहेर, सापडलं. कार्ल रॉजर्स हे मानसोपचार करणारे मानसशास्त्रज्ञ. 1951 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एका परिषदेत त्यांनी निबंध वाचला. त्यांचं निदान साधं होतं. समोरच्याचं वाक्य कानावर पडताच आपण त्याचा निवाडा करतो, ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असा शिक्का मारतो. संवाद अडतो तो इथे, आणि विषय जितका जिव्हाळ्याचा तितका शिक्का लवकर पडतो. त्यावर त्यांनी एक प्रयोग सुचवला. वाद चालू असताना नियम करा, की आधीच्या वक्त्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याचं समाधान होईल अशी मांडून दाखवल्याशिवाय कोणी स्वतःचा मुद्दा मांडायचा नाही. समाधान झालं की नाही, हे ठरवणार तो वक्ता.

पुढे 1970 मध्ये रिचर्ड यंग, ॲल्टन बेकर आणि केनेथ पाइक या तिघांनी आपल्या लेखनशास्त्राच्या पुस्तकात ही कल्पना निबंधाला लावली. त्यातून अमेरिकेतल्या महाविद्यालयांत ‘रॉजेरियन’ युक्तिवाद शिकवला जाऊ लागला. त्याचे टप्पे चार. प्रश्न मांडून विरोधी भूमिका आपल्याला समजली आहे हे दाखवायचं. ती कोणत्या परिस्थितीत योग्य ठरते ते सांगायचं. मग आपली भूमिका आणि ती कुठे लागू पडते ते मांडायचं. शेवटी, आपल्या भूमिकेतला काही भाग स्वीकारला तर वाचकाच्याच हिताला त्याचा कसा उपयोग होईल ते दाखवायचं.

इथे कोणी म्हणेल, हे तर आपल्याकडे होतंच. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय आपले शास्त्रकार उत्तरपक्षाकडे वळत नसत. खरं आहे, आणि कित्येक भाष्यांत पूर्वपक्ष फार प्रामाणिकपणे मांडलेला असतो. पण तो मांडायचा तो खंडनासाठी. रॉजेरियन निबंधाचा दुसरा टप्पा याच्या उलट दिशेने जातो. विरोधक कुठे चुकला यापेक्षा तो कुठे बरोबर आहे, हे लेखकाला शोधायचं असतं. चार टप्प्यांतला हाच सगळ्यांत अवघड आणि वर्गात सगळ्यांत वाईट शिकवला जाणारा टप्पा आहे, असं माझं मत आहे.

एक नमुना घेऊन बघू. विषय पुण्यातल्या घरगुती गणपतीच्या विसर्जनाचा. लेखकाचं म्हणणं, मूर्ती नदीत न सोडता पालिकेच्या हौदात सोडावी. वाचक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नदीवर विसर्जन करणाऱ्या घरातले आजोबा. विद्यार्थ्याच्या कच्च्या खर्ड्यात साधारण असं वाक्य येतं: ‘परंपरेबद्दल आम्हाला आदर आहे, पण आज नद्यांची गटारं झाली असताना जुन्या समजुतींना चिकटून राहणं योग्य नाही.’ आदर अर्ध्या वाक्यात उरकला, ‘पण’ने तो पुसला आणि ‘समजुती’ या शब्दाने आजोबांची श्रद्धा निकालात काढली. याला समजून घेणं म्हणत नाहीत. ही फक्त कडू गोळीवरची साखर आहे.

आता पहिला टप्पा नीट करू. आजोबांचं म्हणणं त्यांच्याच बाजूने लिहायचं तर ते असं होईल: ‘दीड, पाच किंवा दहा दिवस ज्याला घरातला मानला, त्याला निरोप द्यायचा तो वाहत्या पाण्यात. हौदात एकावर एक मूर्ती पडतात. नंतर अर्धवट भिजलेल्या मूर्ती ट्रकमध्ये भरतात. हे पाहून पोटात तुटतं. त्या मूर्तींचं पुढे काय होतं तेही कळत नाही. शिवाय नदीत वर्षभर सांडपाणी सोडलं जातं, तेव्हा कोणी काही बोलत नाही. आणि आमच्या एका दिवसावर मात्र सगळ्यांचं बोट.’ या परिच्छेदात ‘पण’ नाही, अवतरणातला उपरोध नाही, ‘तथाकथित’ नाही. तक्रारीतला राग आणि दुःख दोन्ही आले आहेत. रॉजर्सनी कल्पनांबरोबर भावनाही मांडायला सांगितलं होतं, ते यासाठी.

दुसरा टप्पा. आजोबा कुठे बरोबर आहेत? मुळा-मुठेच्या प्रदूषणाचं मुख्य कारण वर्षभराचं सांडपाणी आहे, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. ते विनाअट मान्य करायचं. लहान, न रंगवलेली शाडूची मूर्ती भरपूर पाणी असलेल्या वाहत्या नदीत सोडली, तर ती लवकर विरघळते आणि मातीत मिसळते; त्यांच्या लहानपणीचं विसर्जन बहुधा असंच होतं. हौदातल्या मूर्तींचं पुढे काय होतं ते भाविकाला कळत नाही, ही तक्रारही रास्त आहे. आता लेखकाच्या लक्षात यायला हवं की एवढं प्रामाणिकपणे लिहिल्यावर ‘नदी सोडा आणि हौदातच या’ हे त्याचं मूळ विधान जसंच्या तसं उभं राहू शकत नाही.

म्हणून तिसऱ्या टप्प्यात विधान आकसतं आणि नेमकं होतं. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात पटकन विरघळत नाही. त्या प्लास्टरचं पाण्याशी संयोग होऊन घट्ट जिप्सम झालेलं असतं आणि जिप्सम पाण्यात फारच थोडं विरघळतं. म्हणून ती मूर्ती नदीच्या तळाशी दीर्घकाळ पडून राहते, आणि तिच्यावरचे रासायनिक रंग पाण्यात उतरतात. लेखकाची हरकत आता या मूर्तीला आणि पाणी कमी असलेल्या नदीला आहे. आजोबांच्या श्रद्धेला त्या हरकतीने हात लावलेला नाही.

चौथा टप्पा सगळ्यांत सुंदर असू शकतो, कारण तिथे युक्तिवाद वाचकाच्या घरातून निघतो. आपल्याकडे पूजा पार्थिव मूर्तीची, म्हणजे मातीच्या मूर्तीची. उत्तरपूजा झाली की आवाहन केलेल्या देवतेला निरोप दिला जातो. पाण्यात जाते ती माती. मातीने मातीत परत जावं, हाच या विधीचा आशय असेल तर प्लास्टर तो पूर्ण होऊच देत नाही. घरच्या बादलीत शाडूची लहान मूर्ती सोडली, तर ती घरच्यांच्या डोळ्यांदेखत विरते आणि ते पाणी झाडांना घालता येतं. आजोबांना जे नको होतं, तो ढीग आणि तो ट्रक, इथे नाही. निबंधाचं शेवटचं विधान आता असं झालं: मूर्ती शाडूची आणि लहान आणावी, तिचं विसर्जन घरी करावं, आणि पालिकेने हौदांतल्या मूर्तींचं पुढे काय केलं ते दर वर्षी जाहीर करावं. यातली शेवटची मागणी आजोबांकडून आली आहे. लेखकाला ती आधी सुचलीच नव्हती.

पद्धत खरी वापरली गेली की नाही, याची खूण हीच. लेख संपला तेव्हा लेखकाचं मूळ विधान तसूभरही हललं नसेल, तर पहिले दोन टप्पे शोभेचे होते. रॉजर्सनी 1951 मध्येच बजावलं होतं की समोरच्याचं जग खरोखर आतून पाहायचं तर आपण बदलण्याचा धोका असतो आणि म्हणून त्याला धैर्य लागतं. पाठ्यपुस्तकांत बहुतेक वेळा टप्पे टिकले आणि धोका गळाला.

आता या पद्धतीच्या दोन मर्यादा. पहिली तिच्या रचनेतच आहे. रॉजर्सचा नियम समोरासमोरच्या बोलण्यासाठी होता. तिथे समोरचा म्हणू शकतो, ‘नाही, मला असं म्हणायचं नव्हतं.’ कागदावर वाचकाला ती सोय नाही. लेखक स्वतःच वकील आणि स्वतःच न्यायाधीश होतो. विरोधी भूमिका मनानेच रचतो आणि ती आपल्याला समजली असं स्वतःच जाहीर करतो. यावर माझ्या मते उपाय एकच. पहिला परिच्छेद खऱ्या विरोधकाला वाचायला द्यावा आणि विचारावं, ‘हे तुमचं म्हणणं म्हणून याखाली सही कराल का?’ तो म्हणाला, ‘बाकी ठीक आहे, हा एक शब्द काढा,’ तर तो शब्द काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. बहुधा तो विशेषणच असतो.

दुसरी मर्यादा नैतिक आहे. फिलिस लासनर यांनी 1990 मध्ये स्त्रीवादी बाजूने आक्षेप घेतला, की ज्यांचा आवाज आधीच दडपलेला आहे त्यांच्याकडूनच पुन्हा समजूतदारपणाची अपेक्षा करणारी ही पद्धत तटस्थ नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. आपल्याकडचं उदाहरण एका न झालेल्या अध्यक्षीय भाषणाचं आहे. 1936 मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. छापील भाषणातल्या काही भागाला संयोजकांनी हरकत घेतली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलं. ज्याला पाणवठ्यावर पाणी भरू दिलं जात नाही, त्याने पाणी अडवणाऱ्याची भूमिका कोणत्या परिस्थितीत योग्य ठरते ते आधी लिहावं, असं सांगणारा निबंधशिक्षक अन्यायाचा भागीदार होतो. एका बाजूचं माणूसपणच वादात असेल तिथे ही पद्धत लागू नाही. विसर्जन, शाळेचं माध्यम, रस्तारुंदी, धरणाच्या पाण्याचं वाटप, अशा दोन्ही बाजूंना काही मूल्य जपायचं असतं तिथे ती लागू आहे. आणि बळ असमान असेल तर समजून घेण्याची पहिली पाळी बलवानाची.

म्हणून माझी या परिषदेला एकच विनंती आहे. आपण विद्यार्थ्याला ‘बाजूने’ आणि ‘विरुद्ध’ असे दोन रकाने आखायला शिकवतो आणि विरुद्धच्या रकान्यावर फुली मारल्याबद्दल गुण देतो. यंदापासून एका तरी निबंधाची गुणदानाची रीत बदला. विद्यार्थ्याला दोन खर्डे लिहायला लावा. दोन्हींच्या मध्ये विरोधी मताच्या एका माणसाला भेटायला पाठवा आणि दुसऱ्या खर्ड्यात स्वतःचं विधान कुठे बदललं ते समासात लिहायला सांगा. गुण त्या समासाला द्या. संपादक मित्रांनीही अग्रलेख छापखान्यात जाण्यापूर्वी हा समास एकदा तपासावा. तो कोरा निघाला, तर लेख अजून आपल्याच माणसांसाठी लिहिलेला आहे असं समजावं आणि लेखकाकडे परत पाठवावा.

 ज्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही, त्यांनी चर्चासत्रात आधी बोलावं.