मोबाइल किती उंचीवर धरायचा?

श्रोतेहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली पोरं हल्ली मोबाइलवर छोट्या गोष्टी चित्रित करतात आणि मला आवर्जून दाखवतात. पाहून आनंद होतो, पण एक गोष्ट सतत खटकते. सगळी चित्रं पाच फुटांवरून घेतलेली असतात. उभं राहायचं, मोबाइल डोळ्यांसमोर धरायचा आणि लाल बटण दाबायचं. समोर लेकरू असो की जमिनीवर बसलेली आजी, आपण वरूनच बघतो.

लाँग शॉट, मिड शॉट, क्लोज-अप हे शब्द तुम्हाला ठाऊकच आहेत. ते कधी वापरायचे, ते सांगतो. शेजारचा माणूस आजारी आहे आणि तुम्ही भेटायला गेलात. दारातून आधी घर दिसतं, बाज दिसते, भोवतीची माणसं दिसतात. हा तुमचा लाँग शॉट. चार पावलं आत गेलात की त्याची कंबरेपासून वरची आकृती आणि हातांची हालचाल कळते, तो मिड शॉट. मग जवळ बसता आणि चेहरा वाचता, तो क्लोज-अप. दारात उभं राहून कोणी दुर्बीण लावतं का? म्हणून दोन बोटांनी चित्र ताणू नका, पायांनी जवळ जा. आणि मुख्य म्हणजे, आजाऱ्याशी आपण उभ्यानं बोलत नाही. बाजेपाशी बसतो.

आता एक गोष्ट घेऊ. मेहकरजवळच्या एका खेड्यात आजी ओसरीवर बसून तुरीची डाळ निवडते आहे. चष्म्याची काडी मोडली आहे. आठ वर्षांची नात ते बघते आणि चष्मा दुरुस्त करून आणते. एवढीच गोष्ट.

पहिला शॉट अंगणातून: ओसरी, आजी, दारात नात. दुसरा मिड शॉट: आजी सूप डोळ्यांजवळ नेते. तिसरा सुपाचा क्लोज-अप: बोट खड्याशेजारून जातं, खडा तसाच राहतो. आजीला दिसत नाही, हे सांगायला संवाद लागलाच नाही. तो खडा आधी दाखवला नाहीत, तर पुढे नातीची धावपळ कशासाठी, तेच कळणार नाही.

आता उंची. जमिनीवर बसलेल्या आजीचे डोळे साधारण अडीच फुटांवर, उभ्या नातीचे चारेक फुटांवर. आजीचा चेहरा घेताना मांडी घालून बसा, नातीसाठी गुडघ्यावर या. नात चष्मा घेऊन परत येते, तेव्हा मात्र मोबाइल आजीच्या डोळ्यांपाशी ठेवून किंचित वर वळवा. हा लो अँगल. पोर एकदम मोठी दिसते आणि त्या क्षणी ती मोठी झालेलीच असते. सगळेच शॉट असे घेतलेत, तर हा क्षण वेगळा उठणार नाही.

क्लोज-अपसाठी मोबाइल चेहऱ्याला अगदी भिडवू नका. वीतभर अंतरावरून नाक फुगतं आणि कान मागे जातात. दोन-तीन हात दूर बसा. मोबाइलला 2x चं वेगळं भिंग असेल तर ते वापरा. नसेल तर तो आकडा चित्र कापून मोठं करतो, मग चेहरा थोडा लहान राहिलेला बरा. शांतारामबापूंनी 1934 साली प्रभातच्या ‘अमृतमंथन’च्या हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दाखवला होता. त्या डोळ्यात धाक होता, म्हणून तो तेवढा मोठा. आपल्या आजीचा डोळा तेवढा मोठा करायचं कारण नाही.

आणखी एक. आजी आणि नात यांच्यामध्ये एक रेघ आखली आहे असं समजा आणि सगळे शॉट तिच्या अंगणाकडच्या बाजूनंच घ्या. आजी उजवीकडे बघते, नात डावीकडे. रेघ ओलांडून भिंतीकडून एक शॉट घेतलात की दोघी एकाच दिशेला बघताना दिसतील आणि पाहणारा गोंधळेल. बाजेच्या एका बाजूला बसल्यावर बोलता बोलता आपण पलीकडे जाऊन बसत नाही, तसंच हे.

उंचीचं ऐकून काही जण म्हणतील, मग लोणारच्या काठावरून शॉट घ्यायचाच नाही का? घ्या ना. ते विवर जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंद आहे, वरूनच त्याचा आकार कळतो. पण त्यात माणूस ठिपक्याएवढा होतो आणि तुमची गोष्ट लोक हातातल्या छोट्या पडद्यावरच बघणार आहेत. जागा सांगून झाली की खाली माणसापाशी या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला.

आवाजाबद्दल बोलायचं होतं, पण निवेदकांनी खूण केली आहे. एवढं मात्र करा: शॉट सुरू करण्याआधी आजीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच पक्का होईल. नाहीतर नात अंगणातल्या उन्हातून आत आली की चित्र मध्येच काळवंडतं. आणि ओसरीवर चित्रीकरण सकाळी, ऊन तिरपं असताना करा.