आधी तुळई की आधी भिंत?

५ जून २०१३ ची सकाळ. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातील मार्केट स्ट्रीटवर एका जुन्या विटांच्या इमारतीचे पाडकाम पोकलेन लावून चालू होते. शेजारी जुन्या कपड्यांचे एकमजली दुकान, आत गिऱ्हाईक. एकाएकी तीन-चार मजली भिंत त्या दुकानाच्या छपरावर कोसळली. सात जणांचा जीव गेला.

चूक पोकलेन आणण्याच्या आधीच झाली होती. आतले मजले आणि लाकडी तुळया काढून घेतल्या होत्या, भिंत मात्र उभीच राहिली. जुन्या लाकडाला भाव येतो. मुंबईच्या जुन्या चाळींतला सागवानही असाच हातोहात खपतो, त्यामुळे हा मोह ओळखीचाच आहे.

तुळई भिंतीवर टेकते, हे सर्वांना दिसते. भिंतही तुळईवर रेलून असते, हे सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक मजला भिंतीला बाजूने धरून ठेवतो. तीन मीटरची मोकळी भिंत आणि बारा मीटरची मोकळी भिंत यांची तुलना केली, तर त्याच वाऱ्याने मोठीच्या बुडाशी चारपट नव्हे, सोळापट मोड येतो. चुन्यातल्या विटा दाब सोसतात, ताण नाही. म्हणूनच अमेरिकेतला नियम एका मजल्याहून उंच भिंत आधाराविना उभी ठेवू देत नाही. वरचा मजला, त्याच्या भिंती, मग खालचा मजला, हाच क्रम.

म्हणून पाडकामाआधीच्या पाहणीत प्रथम तुळया कोणत्या दिशेने जातात ते पाहावे. त्यांची टोके वाळवीने पोखरली आहेत का, भिंत ओळंब्यात आहे की फुगली आहे, शेजाऱ्याची भिंत सामाईक आहे का, हेही तपासावे. वीज, गॅस आणि पाणी तोडल्याची खात्री स्वतः करावी; मुकादमाच्या शब्दावर विसंबू नये.

धुळीसाठी मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये पाडकामाची इमारत वरून खालपर्यंत झाकणे आणि काम चालू असताना पाणी मारणे बंधनकारक केले. पाणी फवारायचे ते वीट फुटते तिथेच, नुसते ढिगावर नव्हे. पण राडारोडा वरच्या मजल्यावर साठला, तर हेच पाणी घात करते. अर्धा मीटर उंचीचा ढीग दर चौरस मीटरला सहाशे किलोंच्या पुढे जातो, आणि भिजला की आणखी जड होतो. राहत्या घराची जमीन मात्र साधारण दोनशे किलोंच्या हिशेबाने बांधलेली असते.

उरला प्रश्न माणसे किती दूर ठेवायची. भिंत आडवी पडली तर निदान तिच्या उंचीइतकी पोचते, विटा त्याही पुढे घरंगळतात. बारा मीटरच्या भिंतीपुढे तीन मीटरवर पत्रे ठोकून भागत नाही. गल्ली अरुंद असेल तर परांची बांधून वरून हाताने विटा उतरवाव्यात, नाहीतर शेजारची इमारत त्या दिवसांपुरती रिकामी करावी. फिलाडेल्फियात दुकान उघडेच होते.