रक्षाविसर्जन : वाट बंद असेल तेव्हा

जयसिंगपूरकरांना अस्थिविसर्जन म्हटलं की नरसोबाची वाडी आठवते, कृष्णा-पंचगंगेचा संगम. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये वाडीच पाण्याखाली होती. अशा वेळी घरच्यांनी काय करायचं?

आधी सावडणं. आपल्याकडे ते बहुधा तिसऱ्या दिवशी होतं. राख वरून गार दिसली तरी आत निखारे धगधगत असू शकतात, म्हणून आधी भरपूर पाणी शिंपडा आणि काठीनं हलवून पाहा. वाफ येत असेल तर थांबा. मग पायाकडून डोक्याकडे अस्थी वेचायच्या, दूध-पाण्यानं धुवायच्या, मडक्यात ठेवून तोंडाला पांढरं कापड बांधायचं. ओलसर अस्थी प्लास्टिकमध्ये कोंडू नका, वास येतो.

दहाव्या दिवसाच्या आत विसर्जन करावं, असा प्रघात आहे. मात्र वाट बंद असेल तर घाई नको. मडकं घरात न आणता स्मशानात किंवा झाडाला टांगून ठेवतात आणि पाणी उतरल्यावर नेतात. पुराच्या पाण्यात उतरणं तर मुळीच नको.

काशी, प्रयाग, हरिद्वार किंवा गयेला जाणं जमत नसेल, तर अस्थी तिथं पाठवायला टपाल खात्यानं २०२१ मध्ये स्पीड पोस्टची सोय सुरू केली. आधी 'ओम दिव्य दर्शन' संस्थेकडे नोंदणी करावी लागते.

आणि राखेचं काय? कोल्हापूर जिल्ह्यात अनेक कुटुंबं ती नदीत न सोडता स्वतःच्या शेतात खड्डा काढून पुरतात आणि वर आंब्याचं रोप लावतात. ताजी राख खारट असते. ती मुळाशी ओतू नका, भरपूर मातीत मिसळा, नाहीतर रोप जळतं.